कंपनीच्या नावातले राखीव शब्द: बँक, युनिव्हर्सिटी, नॅशनल आणि त्यांच्यासाठी लागणारी परवानगी

समजा, मुळशी तालुक्यातले पाच जण एकत्र आले. आंबेमोहोर, काळभात अशा जुन्या भाताचं बियाणं गोळा करायचं, जपायचं, शेतकऱ्यांना द्यायचं आणि सोबत प्रशिक्षणवर्ग चालवायचे, असा त्यांचा बेत आहे. कंपनी काढायचं ठरलं आणि नावही ठरलं: भातरंग नॅशनल सीड बँक प्रायव्हेट लिमिटेड. पर्याय म्हणून दुसरं नाव काढून ठेवलं: भातरंग सीड युनिव्हर्सिटी प्रायव्हेट लिमिटेड. दोन्ही नावं उदाहरणापुरती रचलेली आहेत, पण अशी नावं घेऊन लोक खरोखर येतात आणि ती नामंजूर होतात. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. बियाण्यांच्या बँकेला बँक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, असा त्यांचा साधा प्रश्न असतो.

याचं उत्तर नीट समजायचं तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. 'परवानगीशिवाय वापरता येत नाही' असं म्हटलं की आपल्याला एकच परवानगी आणि एकच कार्यालय डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात या शब्दांचे तीन गट आहेत. काही शब्दांना केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. काहींना त्या धंद्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, म्हणजे रिझर्व्ह बँक, सेबी किंवा विमा नियामकाची मान्यता लागते. आणि काही शब्द असे आहेत, की खासगी कंपनीला ते कुणीच देऊ शकत नाही. आपला शब्द कोणत्या गटातला आहे हे कळलं, की पुढचं काम निम्मं होतं.

पहिली पायरी: नावाचे तुकडे करा

नाव अखंड वाचू नका. एकेक शब्द सुटा करून कागदावर लिहा. आपल्या उदाहरणात 'भातरंग' हा ओळख देणारा शब्द, 'नॅशनल' हे विशेषण, 'सीड बँक' हे कामाचं वर्णन आणि 'प्रायव्हेट लिमिटेड' हा कंपनीचा प्रकार. अडचण बहुतेक वेळा मधल्या दोन जागी असते. पहिला शब्द बहुधा आपणच घडवलेला असतो. त्याच्यावर दुसऱ्या कंपनीशी साम्य किंवा कुणाचा ट्रेडमार्क एवढीच हरकत येऊ शकते, आणि तो विषय वेगळा आहे.

पहिल्या शब्दाचा एक अपवाद मात्र महाराष्ट्रात माहीत असलाच पाहिजे. 1950 च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित जवाहरलाल नेहरू, इंदिरा गांधी आणि भारताचे पंतप्रधान यांची नावं व चित्रं तिच्यात आहेत. शिवाय 'शिवाजी', 'गांधी' आणि 'नेहरू' हे शब्दही सुटे दिलेले आहेत. केंद्र सरकारच्या आगाऊ परवानगीवाचून ही नावं धंद्यासाठी वापरता येत नाहीत आणि अशा नावाची कंपनी नोंदवता येत नाही. महाराजांवरच्या श्रद्धेपोटी कंपनीला त्यांचं नाव द्यावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण त्या नावाचा व्यापारी उपयोग कुणीही उठून करू नये, यासाठीच हा कायदा आहे. संयुक्त राष्ट्रसंघ आणि जागतिक आरोग्य संघटना यांची नावंही याच अनुसूचीत आहेत.

दुसरी पायरी: सरकारी वास येणारे शब्द

कंपनी कायदा 2013 चं कलम 4 आणि त्याचं पोटकलम 3 हे या विषयाचं मूळ. त्याचे दोन भाग आहेत. कंपनीचा केंद्र सरकारशी, राज्य सरकारशी, स्थानिक स्वराज्य संस्थेशी किंवा सरकारने कायद्याने स्थापन केलेल्या मंडळाशी काही संबंध आहे, किंवा त्यांचा तिला आश्रय आहे, असा समज होईल असा शब्द केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय चालत नाही. हा पहिला भाग. नियमांत नेमून दिलेले शब्दही अशा मंजुरीशिवाय चालत नाहीत, हा दुसरा.

ते नेमून दिलेले शब्द कंपनी स्थापना नियमांच्या नियम 8ब मध्ये आहेत. 2019 च्या मे महिन्यात नावांचे नियम नव्याने मांडले गेले, तेव्हापासून ही यादी तिथे आहे. बोर्ड, कमिशन, अथॉरिटी, अंडरटेकिंग, नॅशनल, नेशन, युनियन, सेंट्रल, फेडरल, रिपब्लिक, प्रेसिडेंट, राष्ट्रपती, गव्हर्नर, प्राइम मिनिस्टर, चीफ मिनिस्टर, मिनिस्टर, म्युनिसिपल, पंचायत, डेव्हलपमेंट अथॉरिटी, फायनान्शियल कॉर्पोरेशन, फॉरेस्ट कॉर्पोरेशन, स्टॅट्यूटरी, कोर्ट, ज्युडिशियरी, ब्युरो हे त्यातले नेहमी समोर येणारे शब्द. 'स्कीम' हा शब्द भारत, एखादं राज्य किंवा सरकारी यंत्रणा यांच्या नावाला जोडला, किंवा एखाद्या सरकारी योजनेसारखा भासवला, तर तोही यातच येतो.

आपल्या उदाहरणातला 'नॅशनल' इथे अडकतो. त्यावर लोक लगेच मराठी तोडगा काढतात: नॅशनल काढा, 'राष्ट्रीय' घाला, बोर्ड काढा, 'महामंडळ' घाला, कमिशनऐवजी 'आयोग' घ्या. यादीत हे मराठी शब्द छापलेले नाहीत, हे खरं. पण कलमाचा पहिला भाग यादी पाहतच नाही, तो समज पाहतो. 'महाराष्ट्र बीज महामंडळ' अशी पाटी गावात लागली तर शंभरातले किती जण तिला सरकारी समजतील, याचं उत्तर तुम्हीही मनाशी देऊ शकता. आपल्याकडे महामंडळ म्हटलं की एसटी, एमआयडीसी डोळ्यांपुढे येते. नाव तपासणारा माणूसही तेच पाहतो. त्यामुळे भाषांतर ही पळवाट धरून नाव ठरवू नका.

मग पूर्वमंजुरी मागावी का? कागदोपत्री वाट आहे. मंजुरीचं पत्र मिळालं तर ते अर्जाला जोडायचं असतं. पण ज्या कंपनीत सरकारचा पैसा नाही, जिला सरकारने काही काम कायद्याने सोपवलेलं नाही, तिला 'नॅशनल' मिळण्याचं सबळ कारण दाखवता येत नाही. माझा सल्ला सरळ आहे: तुमच्या हातात सरकारी खात्याचं पत्र नसेल तर या यादीतला शब्द सोडून द्या, त्यापायी महिने घालवू नका. 'स्टेट' शब्दाबाबत तर नियमच ठाम आहे, तो फक्त सरकारी कंपनीला मिळतो.

भारत, इंडिया, महाराष्ट्र, कोकण असे शब्द मात्र आपोआप बाद होत नाहीत. नुसतं देशाचं, राज्याचं किंवा शहराचं नाव हेच कंपनीचं संपूर्ण नाव असू शकत नाही, एवढंच. इतर शब्दांसोबत आणि सरकारी भास न होता ती चालतात. 'कॉर्पोरेशन', 'इंटरनॅशनल' असे शब्द घ्यायचे तर ठरावीक भागभांडवल लागतं, असं अजूनही काही ठिकाणी सांगितलं जातं. तो 1956 च्या कायद्याच्या काळातला दंडक होता, आता तो लागू नाही.

तिसरी पायरी: बँक, विमा, निधी, चिट

आता मुख्य शब्दाकडे येऊ. नियम 8अ म्हणतो की नावात बँक, इन्शुरन्स, स्टॉक एक्स्चेंज, व्हेंचर कॅपिटल, ॲसेट मॅनेजमेंट, म्युच्युअल फंड, निधी असे शब्द असतील, तर संबंधित नियामकाने घातलेल्या अटी पूर्ण केल्याचं घोषणापत्र अर्जदाराने द्यायला हवं. हे वाचून काहींना वाटतं की घोषणापत्र म्हणजे आपलीच सही, ती देऊन टाकू. बँकेच्या बाबतीत हा समज धोक्याचा आहे, कारण कंपनी कायद्याच्या शेजारी 1949 चा बँकिंग नियमन कायदा उभा आहे.

त्याच्या कलम 7 नुसार बँकिंग कंपनी नसलेल्या कोणत्याही कंपनीला बँक, बँकर किंवा बँकिंग हे शब्द नावात वापरता येत नाहीत, आणि धंद्याच्या संदर्भातही वापरता येत नाहीत. उलट बाजूने, जी कंपनी बँकेचा व्यवसाय करते तिच्या नावात यांपैकी एक शब्द असलाच पाहिजे. अपवाद मोजके: बँकेची ठरावीक कामांसाठी काढलेली उपकंपनी, आणि बँकांच्या सामाईक हितासाठी स्थापन झालेली त्यांची संघटना. पैशांची बँक आणि बियाण्यांची बँक असा भेद कलमात कुठेही केलेला नाही. सीड बँक, फूड बँक, डेटा बँक या रूढ शब्दप्रयोगांना कलमाने वेगळी सूट दिलेली नाही. त्यामुळे 'आम्ही ठेवी घेत नाही, फक्त भाताचं बी ठेवतो' हे म्हणणं कितीही खरं असलं, तरी कलमाच्या शब्दांपुढे ते टिकत नाही. रिझर्व्ह बँकेकडे ना हरकत पत्र मागायला जावं, तर बँकिंगचा परवाना मागितल्याशिवाय तुमचा तिथे संबंधच येत नाही.

ज्यांना खरोखरच बँक काढायची आहे त्यांच्यासाठी क्रम उलटा आहे. आधी रिझर्व्ह बँकेची तत्त्वतः मान्यता, मग तिच्या आधारे कंपनीचं नाव. विम्यातही असंच आहे. विमा कंपनीचं किंवा विमा दलालाचं नाव नोंदवण्याआधी विमा नियामकाचं ना हरकत पत्र घ्यावं लागतं.

महाराष्ट्रात या कलमाचा फटका कंपन्यांपेक्षा पतसंस्थांना जास्त बसतो. बोलताना लोक पतसंस्थेला सर्रास बँक म्हणतात, आणि हळूहळू तो शब्द पाटीवर आणि पासबुकावर उतरतो. 2020 मध्ये बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती झाली आणि सहकारी संस्थांबाबतही हे बंधन आणखी स्पष्ट झालं. नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर निवेदन काढून सांगितलं, की काही सहकारी संस्था कलम 7 मोडून नावात बँक शब्द वापरत आहेत, त्यांना बँकिंगचा परवाना नाही, आणि त्यांच्याकडच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. ठेवीदाराचं आयुष्यभराचं पैसे साठवणं त्या एका शब्दावर विसंबून असतं, म्हणून हा नियम इतका कडक आहे आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं.

'निधी' हा शब्द मराठी माणसाला खास फसवतो. आपल्याला तो ग्रामनिधी, मदतनिधी असा रोजचा वाटतो. कंपनी कायद्यात मात्र निधी म्हणजे कलम 406 खालची, फक्त सभासदांकडून ठेवी घेऊन सभासदांनाच कर्ज देणारी कंपनी. ती पब्लिक कंपनीच असावी लागते आणि तिच्या नावाचा शेवट 'निधी लिमिटेड' असा होतो. म्हणजे 'अमुक शिक्षणनिधी प्रायव्हेट लिमिटेड' हे नाव पहिल्याच वाचनात अडकणार. भिशीचा धंदा करणाऱ्यांसाठी 1982 चा चिट फंड कायदा आहे. तो धंदा करणाऱ्याने नावात चिट किंवा चिट फंड यांसारखा शब्द घातलाच पाहिजे आणि इतरांनी तो घालता कामा नये.

चौथी पायरी: युनिव्हर्सिटी

हा तिसऱ्या गटातला शब्द. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा 1956 च्या कलम 23 नुसार, केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाखेरीज कोणत्याही संस्थेला, मग ती कंपनी असो वा नसो, 'युनिव्हर्सिटी' हा शब्द आपल्या नावाशी कोणत्याही प्रकारे जोडता येत नाही. 'कोणत्याही प्रकारे' या शब्दांत सगळं आलं. आयोगाकडून ना हरकत पत्र आणतो, असं म्हणणाऱ्यांना हे सांगावं लागतं की आयोग असा शब्द कंपनीला देऊच शकत नाही. तो मिळतो फक्त विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या कायद्याने.

हा नियम किती काटेकोर आहे ते अभिमत विद्यापीठांवरून दिसतं. आयोग कायद्याच्या कलम 3 खाली त्यांना विद्यापीठासारखा दर्जा मिळालेला असतो, ती पदव्याही देतात. तरीही सर्वोच्च न्यायालयाने 3 नोव्हेंबर 2017 रोजी दिलेल्या निकालात त्यांना नावापुढे नुसतं 'युनिव्हर्सिटी' लावायला मनाई करायला सांगितलं, आणि आयोगाने लगेच तशी पत्रं पाठवली. एवढ्या मोठ्या संस्थांना जो शब्द गाळावा लागला, तो आठ आठवड्यांचे वर्ग चालवणाऱ्या कंपनीला मिळण्याचा प्रश्नच येत नाही. कलम 24 मधला दंड एक हजार रुपयांपर्यंतचाच आहे. पण आयोग बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो आणि त्या यादीत नाव गेलं, की दंडाच्या रकमेला काही अर्थ उरत नाही.

खासगी विद्यापीठं मग कशी निघतात? तिथे कंपनी आणि विद्यापीठ या दोन वेगळ्या वस्तू असतात. एखादी सोसायटी, ट्रस्ट किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी पुरस्कर्ती असते. तिच्या स्वतःच्या नावात फाउंडेशन किंवा असोसिएशन असा शब्द असतो. विद्यापीठ राज्याच्या कायद्याने जन्माला येतं आणि शब्द त्याच्याकडे राहतो, कंपनीकडे नाही.

पाचवी पायरी: अर्ज आणि वेळेचं गणित

नवीन कंपनीसाठी नाव mca.gov.in वरच्या SPICe+ अर्जाच्या Part A मध्ये मागायचं असतं. शुल्क 1,000 रुपये, आणि एका अर्जात दोन नावं पसंतीक्रमाने देता येतात. छाननी मानेसरच्या सेंट्रल रजिस्ट्रेशन सेंटरमध्ये होते, तुमच्या राज्याच्या निबंधक कार्यालयात नाही. अर्जात कंपनीच्या मुख्य कामाचं वर्णन विचारतात. तिथे 'बियाणे व प्रशिक्षण' एवढंच त्रोटक लिहू नका. दोन-तीन वाक्यांत नेमकं काम सांगा, कारण नावातला शब्द आणि काम जुळतं का, हे तिथेच पाहिलं जातं.

नाव मंजूर झालं की ते 20 दिवस राखून ठेवलं जातं. 1,000 रुपये भरून ही मुदत 40 दिवसांपर्यंत आणि आणखी 2,000 भरून 60 दिवसांपर्यंत वाढवता येते, पण पैसे आधीची मुदत संपण्यापूर्वी भरावे लागतात. या गणितामुळेच ज्या शब्दाला नियामकाचं पत्र लागतं, तिथे पत्र हातात आल्यावरच Part A भरावा. नाव आधी धरून ठेवू आणि पत्र मागाहून आणू, हा बेत 60 दिवसांत बसत नाही.

हरकत आली तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. त्यासाठी 15 दिवस आणि एकच संधी मिळते. शेऱ्यात कोणत्या तरतुदीचा उल्लेख आहे, ते आधी पाहा. कलम 4(3) किंवा नियम 8ब लिहिलं असेल तर केंद्राची मंजुरी हवी आहे, अर्जदाराचं घोषणापत्र तिथे कामाचं नाही. नियम 8अ लिहिलं असेल तर नियामकाचं पत्र किंवा ट्रेडमार्कच्या मालकाची संमती मागितली आहे. ते पत्र नसेल तर त्याच नावाचं समर्थन करत बसू नका. मिळालेली संधी नवं नाव देण्यासाठी वापरा, नाहीतर अर्ज नामंजूर होतो आणि शुल्क पुन्हा भरावं लागतं.

मुळशीच्या पाच जणांनी काय करावं? 'नॅशनल' काढायचं, त्याने कामात काही कमी होत नाही. 'सीड बँक'च्या जागी 'सीड कन्झर्वेशन' घ्यायचं आणि 'सीड युनिव्हर्सिटी'च्या जागी 'सीड ट्रेनिंग सेंटर'. पहिली पसंती 'भातरंग सीड कन्झर्वेशन प्रायव्हेट लिमिटेड', दुसरी 'भातरंग सीड ट्रेनिंग सेंटर प्रायव्हेट लिमिटेड'. माहितीपत्रकातही स्वतःला बँक म्हणवून घ्यायचं नाही, कारण कलम 7 नावापुरतं थांबत नाही. आणि पाचाचे दहा शेतकरी झाले तर त्यांना 'प्रोड्युसर कंपनी लिमिटेड' असा शेवट असलेली शेतकरी उत्पादक कंपनीही काढता येईल.

नाव आधीच घेतलं असेल तर

खोटी किंवा चुकीची माहिती देऊन नाव मिळवलं आणि ते कंपनी स्थापन होण्याआधी उघड झालं, तर आरक्षण रद्द होतं आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्थापनेनंतर उघड झालं तर निबंधक तीन महिन्यांत नाव बदलायला सांगू शकतो, कंपनीचं नाव नोंदवहीतून काढण्याची कारवाई करू शकतो किंवा ती गुंडाळण्यासाठी अर्ज करू शकतो.

आदेश येण्याची वाट न पाहता स्वतःहून नाव बदलायचं असेल तर आधी वार्षिक विवरणपत्रं पूर्ण करा. ती थकलेली असताना नाव बदलता येत नाही. मग mca.gov.in वरच्या RUN या नाव राखण्याच्या सेवेतून नवं नाव राखून घ्या. चालू कंपनीसाठी ते 60 दिवस राखलं जातं. या मुदतीत सभासदांची सभा घेऊन विशेष ठराव करा. ठराव MGT-14 मध्ये आणि नावबदलाचा अर्ज INC-24 मध्ये भरा. नवं प्रमाणपत्र हातात पडल्यावर पाटी, शिक्का, बिलं आणि पत्रांचे कागद बदला. नव्या नावासोबत जुनं नावही पुढची दोन वर्षं छापावं लागतं, तेव्हा नव्या पाटीवर त्यासाठी जागा ठेवा.